समासातलं ‘मग?’

आमच्याकडे कार्यक्रमाला पाहुणा येतो तो भाषणासाठी, पण पुष्कळदा त्याचा परिचयच कार्यक्रम खाऊन टाकतो. अमुक सोसायटीचे माजी चेअरमन, तमुक पतसंस्थेचे संस्थापक संचालक, यात्रा कमिटीचे मार्गदर्शक, या पुरस्काराचे मानकरी, त्या परिषदेचे स्वागताध्यक्ष. परिचय करून देणाऱ्यानं कागद उलटला की मागच्या रांगेत शेंगा सोलायला सुरुवात होते. पाहुणा खाली मान घालून विनयानं ऐकत असतो आणि एखादं पद राहिलंच तर तितक्याच विनयानं कानात सांगतो. बारामती-इंदापूर पट्ट्यात वाढलेल्या पोरांच्या कानावर माणसाबद्दल बोलण्याचा हाच नमुना लहानपणापासून पडलेला असतो. त्यामुळे परदेशी विद्यापीठाच्या अर्जासाठी ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’, म्हणजे सगळे ज्याला एसओपी म्हणतात ते लिहायला बसलं की पोरगं स्वतःच पाहुणा होतं आणि स्वतःच उठून स्वतःचा परिचय करून देतं.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. निवृत्त मास्तराकडे लोक दोन कारणांनी येतात, लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखन आणि पोरांचे अर्ज. पत्रिका आता मोबाईलवरच तयार होतात, त्यामुळे अर्ज तेवढे उरलेत. या एसओप्या वाचून वाचून माझी खात्री झाली आहे की आमची मुलं हुशार आहेत, कष्टाळू आहेत आणि त्या सगळ्यांनी वृक्षारोपण केलेलं आहे.

गेल्या पावसाळ्यात इंदापूर तालुक्यातली एक मुलगी वडिलांबरोबर आली. बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेली. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठातल्या जमीन आणि पाणी व्यवस्थापनाच्या दोन वर्षांच्या मास्टर्सला अर्ज करायचा होता. वडिलांना गावात सगळे तात्या म्हणतात, तेव्हा मीही तात्याच म्हणतो. निरा डाव्या कालव्याखाली त्यांचं उसाचं रान आहे. मुलीनं दोन पानं माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “सर, फक्त ग्रामर बघा.”

‘फक्त ग्रामर बघा’ म्हणणाऱ्याचं ग्रामर बहुधा ठीकच असतं. हिचंही होतं.

सुरुवातीला अब्दुल कलामांचं स्वप्नांबद्दलचं वाक्य. मग ‘लहानपणापासून मला शेतीची विलक्षण ओढ होती’. हे मी मराठीत करून मोठ्यानं वाचलं तेव्हा तात्या छताकडं बघत म्हणाले, “लहानपणी ही रानात न्यायची म्हटलं की रडायची.” त्यापुढे दहावीची टक्केवारी, बारावीची टक्केवारी, पदवीचा सीजीपीए, तालुकास्तरीय वक्तृत्व स्पर्धेत प्रथम, एनएसएसचं शिबिर, उत्कृष्ट स्वयंसेविका, रांगोळी, तीन ऑनलाईन कोर्सची प्रमाणपत्रं आणि माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेला एक दिवसाची भेट. दुसऱ्या पानाच्या मध्यावर, बरोबर रांगोळीच्या खाली, एक ओळ होती: शेवटच्या वर्षी माती परीक्षणाचा प्रकल्प पूर्ण केला, 24 नमुने तपासले, ‘ए’ ग्रेड मिळाली. आणि शेवटी, आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठातल्या थोर प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली माझं स्वप्न पूर्ण होईल असा विश्वास.

शेतीची ती ओढ सोडली तर यात खोटं एकही वाक्य नव्हतं. अशा लेखनावर शेरा देणं त्यामुळेच अवघड जातं. चुकीचं असेल तर खोडता येतं. इथं बाकी सगळं खरं, सगळं मेहनतीनं मिळवलेलं, आणि वाचून झाल्यावर मुलगी कोण आहे याचा पत्ता नाही.

मी तिला पहिल्यांदा विचारलं ते अर्जाबरोबर आणखी काय काय जातं ते. तिनं बोटांवर मोजलं. गुणपत्रकं, सीव्ही, प्राध्यापकांची दोन शिफारसपत्रं, आयईएलटीएसचा स्कोअर. म्हटलं, तुझा सीजीपीए गुणपत्रकात आहे, सीव्हीत आहे, तुझ्या सरांनी शिफारशीत घातलाच असणार. निवड समितीतला माणूस तुझा अर्ज उघडतो तेव्हा तुझे मार्क त्याला तीनदा कळलेले असतात. चौथ्यांदा कळल्यावर ते वाढत नाहीत. हे पान तो वाचतो ते बाकीच्या कागदांत नसलेली गोष्ट शोधायला. हिला हाच अभ्यासक्रम का हवा, तो झेपण्याइतकी तयारी आहे का, आणि शिकून ही त्याचं करणार काय. गुणच कमी असतील तर सुंदर एसओपीनं ते भरून निघत नाहीत, हेही सांगून टाकलं, नाहीतर पोरं या कागदाकडं नवसाच्या नारळासारखी बघतात. पण सारख्याच गुणांचे गठ्ठाभर अर्ज समोर असतात तेव्हा हे पान उपयोगी पडतं.

मग पेन्सिल घेतली. सीव्हीत आलेलं प्रत्येक वाक्य खोडायचं, एवढंच काम. खोडता खोडता दोन पानांतून जे उरलं ते कलाम, शेतीची ओढ आणि थोर प्राध्यापक. म्हणजे जे तिचं होतं ते सीव्हीत होतं, आणि जे सीव्हीत नव्हतं ते तिचं नव्हतं.

दुसरी परीक्षा याहून सोपी आहे. परिच्छेदांची अदलाबदल करून बघायची. वक्तृत्व वर घेतलं, एनएसएस खाली नेलं, काही बिघडलं नाही. रांगोळी कुठंही बसली. ज्या लिखाणात रांगोळी कुठंही बसते त्यात एकातून दुसरं निघत नसतं, सगळं नुसतं शेजारी शेजारी ठेवलेलं असतं. हेतू सांगायचा तर ‘म्हणून’ आणि ‘पण’ हे शब्द लागतात. तिच्या दोन पानांत ‘तसेच’ होतं, ‘याशिवाय’ होतं, ‘त्याचबरोबर’ तर जागोजागी होतं. ‘पण’ एकदाही नव्हतं. एवढ्या आयुष्यात एकदाही ‘पण’ आलं नाही म्हणजे काहीतरी दडवलंय.

तात्या अस्वस्थ झाले होते. “सर, सगळं खोडा, पण वक्तृत्वाचं राहू द्या. ते इंदापूरला आमदारांच्या हस्ते मिळालंय.”

म्हटलं, “तात्या, त्या लोकांना आमदार माहीत नाहीत.”

“कसं माहीत नसतील?” तात्यांचा या गोष्टीवर विश्वास बसला नाही, आणि बसेल असं मला वाटतही नाही.

पेन्सिलीनं मी प्रत्येक वाक्याशेजारी समासात एकच शब्द लिहीत गेलो होतो: ‘मग?’ प्रथम क्रमांक मिळाला. मग? संस्थेला भेट दिली. मग? तिथं काय बघितलं, बघून काय कळलं, कळल्यावर काय केलंस? बहुतेक ठिकाणी त्या ‘मग?’पुढं काही नव्हतं. तसं असायला हरकत नाही, रांगोळी काढली म्हणजे ती काढली. पण प्रकल्पाच्या ओळीशेजारचा ‘मग?’ बघून मुलगी गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, “सर, त्याचं सांगता येणार नाही. तो प्रकल्प चुकलेला आहे.”

“ए ग्रेड मिळालीय ना?”

“ग्रेड मिळालीय. पण चुकलाय.”

तेव्हा कुठं एसओपी सुरू झाली.

झालं होतं असं. त्यांच्या रानात ऊस चट्ट्याचट्ट्यानं मरायला लागला होता. पूर्वी एकरी पन्नास-पंचावन्न टन निघायचा तो निम्म्यावर आलेला. उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरं फुटायचं. आमच्याकडे याला मीठ फुटलं म्हणतात, आणि पावसाळ्यात पाय रुततो तेव्हा रान चिबडलं म्हणतात. खताच्या दुकानदारानं तात्यांना जिप्सम सांगितलं. तात्यांनी एकरी दोन टन टाकलं. फरक शून्य. मुलीनं प्रकल्पासाठी म्हणून त्याच रानातले आणि आसपासचे नमुने तपासले. सामू म्हणजे पीएच आला 8.1. क्षारांचं प्रमाण सांगणारा ईसी आला 1.9. पुस्तकात लिहिलेलं की ईसी 4 च्या वर गेला तर जमीन क्षारयुक्त, आणि सामू 8.5 च्या वर गेला तर चोपण. दोन्ही आकडे खालीच. तिनं अहवालात लिहिलं, जमीन सर्वसाधारण आहे. बांधणी केली, सोनेरी अक्षरं छापली, ‘ए’ मिळाली.

ऊस मात्र अहवाल वाचत नसल्यामुळे मरतच राहिला.

पदवी झाल्यावर कधीतरी तिच्या लक्षात आलं की पुस्तकातला तो 4 हा आकडा एका वेगळ्या पद्धतीचा आहे. मातीत फक्त चिखल होण्यापुरतं पाणी घालायचं, त्या चिखलातून पाणी ओढून काढायचं आणि त्याचा ईसी मोजायचा, त्यासाठी तो आकडा. प्रयोगशाळेत सोयीसाठी एक भाग मातीला अडीच भाग पाणी घालतात. पाणी जास्त, म्हणजे मीठ पातळ, म्हणजे आकडा लहान. अशा पातळ पाण्यातला 1.9 भारी काळ्या जमिनीत चांगलाच जास्त असतो. ती मात्र त्याची तुलना 4 शी करून मोकळी झाली होती. रान क्षारयुक्तच होतं, फक्त चोपण नव्हतं. म्हणजे जिप्समनं फरक पडणार नव्हता, कारण जिप्समचं काम मातीला चिकटलेला सोडियम सोडवण्याचं. इथं मीठ मोकळंच होतं आणि त्याला बाहेर जायला वाट नव्हती.

“हे कुणाला सांगितलंस?” मी विचारलं.

“नाही सर. ग्रेड गेली तर?”

मग तिनं आणखी एक गोष्ट केली होती, तीही कुणाला न सांगता. ओळखीच्या एकाकडून माती काढायचा औगर आणला, रानात चार फुटी भोक पाडलं आणि त्यातल्या पाण्याची पातळी पट्टीनं मोजायला लागली. चारीला आवर्तन आलं की भोकात पाणी दोन फुटांवर यायचं. आवर्तन संपलं की हळूहळू साडेतीन-चार फुटांवर उतरायचं. ते उतरताना वरची माती वाळायची, खालचं खारं पाणी वर ओढलं जायचं आणि मीठ वर राहायचं. हे सगळं एका दोनशेपानी वहीत पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. वही तिनं आणलेली नव्हती. प्रमाणपत्रांची फाईल आणली होती, लॅमिनेट करून.

समितीला या मुलीबद्दल जे कळायला हवं होतं ते त्या वहीत होतं. ही आपला आकडा पुन्हा तपासते. उत्तर चुकलं तर रानात भोक पाडते. ऑनलाईन कोर्सचं प्रमाणपत्र यातलं काही सांगत नाही. मी तिला सांगितलं, चूक पहिल्या परिच्छेदात घे. ती भ्याली. तात्या तर उठून उभे राहिले. “सर, परदेशात पोरगी पाठवायची आणि पहिल्याच ओळीत चुकले म्हणून सांगायचं?”

त्यांची भीती मला कळते. आपल्याकडे चूक सांगायची जागा म्हणजे फार तर पोलीस चौकी. परिचयात कुणी म्हणतं का, की यांनी चेअरमन असताना अमुक निर्णय घेतला, तो चुकला, मग त्यांनी असं केलं? म्हटलं असतं तर शेंगा सोलायच्या थांबल्या असत्या.

अशा वेळी मला आनंदीबाई जोशींचा अर्ज आठवतो. 1883 साली त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाकडे प्रवेश मागितला. अठरा वर्षांची मुलगी. प्रमाणपत्रांची फाईल असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी पत्रात आपलं शिक्षण कॉलेजच्या अटींना पुरं पडेलच असं नाही हे सरळ मान्य केलं, आणि मग येण्याचं कारण सांगितलं: माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना वैद्यकीय मदत द्यायची आहे. कॉलेजनं प्रवेश दिला, 1886 साली त्या एम.डी. झाल्या. त्या पत्रात कमतरता आहे, कारण आहे, आणि त्या कारणातून तेच शिक्षण का हवं ते निघतं. त्याला विशेषणं चिकटवावी लागत नाहीत.

हे सांगितलं आणि त्याचा परिणाम उलटाच झाला. पंधरवड्यानं ती दुसरा खर्डा घेऊन आली. यादी गेली होती, तिच्या जागी शोकांतिका आली होती. पहिल्याच ओळीत बापाचे डोळे पाण्यानं भरलेले, कर्जाचा डोंगर, करपलेली स्वप्नं, आणि चुलीच्या उजेडात अभ्यास करणारी मुलगी. तात्यांनी शेजारच्या पोराकडून ते मराठीत ऐकून घेतलं होतं आणि ते चिडलेले होते. “मी कधी रडलो? आणि घरात तीन बल्ब आहेत.”

तात्यांचं बरोबर होतं. ज्यांना यादी सोडायला सांगावी ती मुलं पुष्कळदा थेट रडण्यावर येतात. पुण्यातल्या एजंटांकडून आलेले नमुनेही असे दोनच जातींचे असतात. दोन्हीत दोष एकच, वाचणाऱ्याला काही बघू द्यायचं नाही, त्यानं काय वाटून घ्यायचं तेवढं सांगायचं. यादी म्हणते कौतुक करा, हे म्हणतं कळवळा करा. मी समासात पुन्हा ‘मग?’ लिहीत गेलो. बापाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग? जमिनीखालच्या पाण्याचं काय झालं ते सांग.

तिसऱ्या खर्ड्यात ते आलं. मूळ इंग्रजीत होतं, मराठीत साधारण असं: ‘शेवटच्या वर्षीच्या प्रकल्पात मी आमच्या रानाची माती सर्वसाधारण ठरवली. मी पातळ केलेल्या नमुन्याचा ईसी चिखलाच्या अर्काच्या मर्यादेशी ताडून पाहिला होता. ऊस मरत राहिल्यानं मी आकडे पुन्हा तपासले. नंतर रानात भोक पाडून पाण्याची पातळी मोजली, तेव्हा कालव्याच्या प्रत्येक आवर्तनानंतर पाणी मुळांपर्यंत येतं असं दिसलं. त्यामुळे मातीत काही मिसळण्याऐवजी पाणी बाहेर काढण्याची गरज आहे, असं मला वाटू लागलं.’ ग्रेड नाही, सीजीपीए नाही, आणि वाचणाऱ्याला कळतं की ही मुलगी हुशार आहे.

इथं मला राहवलं नाही आणि मी तिला एका जुन्या पुस्तिकेबद्दल सांगितलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी 1910 साली निरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर इंग्रजीत एक पुस्तिका लिहिली होती. डावा कालवा 1880 च्या दशकातला. म्हणजे पाणी येऊन पंचवीस-तीस वर्षं होतात न होतात तोच जमिनी बिघडून त्यावर लिहायची वेळ आली होती. तिनं ती पुस्तिका शोधून काढली. आणि पुढच्या खर्ड्यात काय? ‘मी मॅन आणि ताम्हणे यांचा ग्रंथही अभ्यासला आहे.’ यादी मागच्या दारानं परत आली. ही खोड एवढी जुनी आहे की वाचलेलं पुस्तकसुद्धा लगेच ढाल-करंडकांच्या फडताळात जाऊन बसतं.

समासात ‘मग?’

यावर ती खरंच विचारात पडली. म्हणाली, “सर, म्हणजे दुखणं शंभर वर्षांपूर्वीच माहीत होतं. इलाजही माहीत आहे. रानात तीन-चार फुटांवर भोकाभोकांचे पाइप गाडायचे, त्यावर गाळणीची जाळी घालायची, ते एका मोठ्या पाइपला जोडायचे आणि पाणी ओढ्याला सोडायचं. सांगली-कोल्हापूरकडं लोकांनी केलंय. मग आमच्याकडं का होत नाही?”

“का होत नाही?”

“पाइप आमच्या रानात बसेल. पण ओढा आमच्या रानाला लागून नाही. मध्ये दुसऱ्याचं रान आहे. तो नाही म्हणतो.”

मी म्हटलं, हे लिही. हेच तुझं कारण आहे. पाइप किती खोल आणि किती अंतरावर गाडायचा हे इंजिनिअर सांगेल, ते शिकायला इथंही लोक आहेत. पण निचऱ्याचं पाणी तुझ्या रानातून निघून दुसऱ्याच्या बांधावरून तिसऱ्याच्या ओढ्याला जातं, त्याचा खर्च कुणी किती द्यायचा, देखभाल कुणी करायची, अडवलं तर काय, हा प्रश्न तुला तिकडं नेतोय. डच लोक समुद्रसपाटीखालच्या जमिनीवर शेती करतात. शेजाऱ्याशी भांडून पाणी उपसता येत नाही हे त्यांना शतकांपूर्वी कळलं आणि पाण्याचा कारभार बघायला त्यांनी स्वतःची मंडळं काढली, ती अजून चालतात. तुझ्या अभ्यासक्रमात जमीन, पाणी आणि माणसांच्या संस्था एकत्र शिकवतात म्हणूनच तू तो निवडलायस ना? मग ‘जगप्रसिद्ध विद्यापीठ’ लिहायची गरज काय? आपण जगप्रसिद्ध आहोत हे त्यांना ठाऊक असेल.

शेवटचा परिच्छेद लिहिताना ती पुन्हा घसरली. भारतातील क्षारपड जमिनींचा प्रश्न सोडवणार, असं. एवढ्या मोठ्या वाक्यावर कुणी हरकत घेत नाही आणि विश्वासही ठेवत नाही. ते कापून तिनं लिहिलं की परत येऊन कालव्याच्या एका चारीवरच्या शेतकऱ्यांचा मिळून एक निचरा बसवता येतो का हे बघायचं आहे. तात्यांना हे फार लहान वाटलं. “एका चारीसाठी नेदरलँड?” म्हटलं, तात्या, त्या चारीवर तुमची भावकी धरून किती खातेदार आहेत? त्यांनी मनात मोजले आणि म्हणाले, “मग कमीच पडंल नेदरलँड.”

प्रमाणपत्रांचं काय करायचं हा प्रश्न तेवढा राहिला होता. ती सगळी सीव्हीत आहेत, तिथं त्यांना मान आहे. तात्यांच्या आग्रहापुढं मी एवढं मान्य केलं की सीव्हीत वक्तृत्व स्पर्धा सगळ्यात वर घ्यायची. ‘हस्ते’ मात्र काढून टाकलं.

एसओपी पूर्ण झाली असं आम्हाला वाटलं तोवर ती गावात फुटली होती. मराठीत सांगणारं ते शेजारचं पोरगं हे त्याच मधल्या रानाच्या मालकाचं निघालं. एका संध्याकाळी तात्या आणि मुलीबरोबर ते गृहस्थ स्वतः माझ्याकडे आले. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. चहा घेतला, पावसाची चौकशी केली. मग म्हणाले, “सर, आमच्या बांधावरनं पाइप न्यायला मी नाही म्हणालो, असं तिकडं लिहिलंय म्हणं.”

म्हटलं, नाव नाही कुणाचं. ‘एका शेजारी शेतकऱ्यानं नकार दिला’ एवढंच आहे.

“पण का नाही म्हणालो ते लिहिलंय का?”

ते लिहिलेलं नव्हतं. मुलीनं विचारलंच नव्हतं. तात्यांनीही नाही, त्यांचं आणि त्या गृहस्थांचं पाच-सहा वर्षं बोलणं नव्हतं.

“त्या ओढ्याच्या काठाला आमची विहीर हाय,” ते म्हणाले. “तुमच्या रानातलं खारं पाणी ओढ्यात सोडलं की झिरपून विहिरीत येणार. मग माझं रान खराब. मी काय वैर म्हणून नाही म्हणालो व्हय?”

मुलगी आत चहाचे कप ठेवत होती ती बाहेर आली. वही मागवून घेतली. विहीर ओढ्यापासून किती लांब, किती खोल, उन्हाळ्यात पाणी कुठवर असतं, पूर्वी गोड होतं का, ती विचारत गेली आणि ते सांगत गेले. तात्या मध्ये दोनदा बोलायला गेले, दोन्ही वेळा त्यांना तिनंच थांबवलं. त्या रात्री एसओपीतलं ‘नकार दिला’ हे वाक्य बदललं. त्या जागी आलं की माझ्याजवळच्या उत्तरानं एका रानातलं मीठ दुसऱ्याच्या विहिरीत जातं, आणि यावर काय करायचं ते मला माहीत नाही. चारही खर्ड्यांत इतकं चांगलं वाक्य नव्हतं.

जाताना ते गृहस्थ दारात थांबले. “छापून येणार का हे कुठं?”

“नाही हो. अर्ज आहे.”

“मग ठीक हाय. पण विहिरीचं नीट लिहा. पंचेचाळीस फूट हाय म्हणावं, आणि बांधीव हाय.”